लिफ्ट देखभाल कराराचा तिमाही आढावा घेण्याबाबत सोसायटी अध्यक्षांना पत्र

दि. १२ ऑक्टोबर २०२५

प्रति,
मा. अध्यक्ष,
व्यवस्थापक समिती, आपली सहकारी गृहनिर्माण संस्था

विषय : लिफ्ट देखभालीच्या पाच वर्षांच्या करारात सेवेची उद्दिष्टे ठरवणे व ठरावीक आढावा बैठका सुरू करणे.

महोदय,

आपल्या दोन्ही लिफ्टच्या देखभालीचा सुट्या भागांसह केलेला पाच वर्षांचा करार आता दुसऱ्या वर्षात आहे. त्यात ‘तक्रारीची त्वरित दखल घेतली जाईल’ एवढेच वाक्य आहे. त्वरित म्हणजे किती तासांत आणि दखल म्हणजे नेमके काय, हे कुठेही लिहिलेले नाही. जुलै ते सप्टेंबर या तिमाहीचा कंत्राटदाराचा अहवाल मागील आठवड्यात फलकावर लागला, तेव्हा तो मी सुरक्षारक्षकांच्या नोंदवहीशी ताडून पाहिला. त्यातून जे दिसले ते समितीपुढे यावे म्हणून हे पत्र लिहीत आहे.

अहवालात दोन्ही लिफ्ट मिळून ९८.५ टक्के वेळ चालू होत्या आणि तंत्रज्ञ सरासरी ४५ मिनिटांत पोहोचला, असे म्हटले आहे. हे दोन्ही आकडे खोटे नाहीत. परंतु त्या ९२ दिवसांच्या २,२०८ तासांत ए विंगची लिफ्ट जेमतेम २ तास बंद होती आणि बी विंगची ६६ तास, म्हणजे पावणेतीन दिवस. दोन्हींची सरासरी काढल्यामुळे बी विंगचा त्रास ए विंगच्या चांगल्या लिफ्टमागे झाकला गेला. सहाव्या मजल्यावर गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेल्या आजींना त्या दिवसांत डॉक्टरांकडे नेता आले नाही. त्यांच्या घरच्यांना या सरासरीचा काय उपयोग?

या ६६ तासांपैकी ५२ तास एकाच वेळचे आहेत. ऐन गणेशोत्सवात दरवाजा चालवणाऱ्या मोटरचा पट्टा तुटला. तंत्रज्ञ ४० मिनिटांत आला, पट्टा गाडीत नाही असे सांगून गेला आणि तक्रार ‘उपस्थिती दिली’ या शेऱ्याने बंद झाली. नवा पट्टा तिसऱ्या दिवशी आला. अहवालात मात्र ही तक्रार उत्तम प्रतिसादाची म्हणून मोजली गेली आहे. म्हणून माझी पहिली विनंती अशी, की तंत्रज्ञ पोहोचण्याची वेळ आणि लिफ्ट पुन्हा चालू होण्याची वेळ या दोन स्वतंत्र गोष्टी मानाव्यात व दोन्हींना मर्यादा असावी. पोहोचण्यासाठी २ तास, चालू होण्यासाठी ८ तास आणि सुटा भाग लागणार असल्यास २४ तास ही मर्यादा मला वाजवी वाटते. अर्थात त्यासाठी दरवाजाचा पट्टा, लॉकचे कॉन्टॅक्ट, गाइड शू असे नेहमी झिजणारे भाग त्यांच्या जवळच्या शाखेत ठेवण्याची यादीही कराराला जोडावी लागेल. कोणी लिफ्टमध्ये अडकले असेल, तर दिवस असो वा रात्र, ३० मिनिटांत सुटका झालीच पाहिजे आणि असा प्रत्येक प्रसंग सरासरीत न मिळवता वेगळा मांडला पाहिजे.

उरलेले १४ तास मला अधिक महत्त्वाचे वाटतात. त्यांत १० तक्रारी आहेत आणि त्यांपैकी ६ चौथ्या मजल्याच्या दरवाजाच्या आहेत. प्रत्येक वेळी लिफ्ट दोन तासांच्या आत चालू झाली, म्हणजे वर सुचवलेली सर्व उद्दिष्टे या सहाही वेळा पूर्ण झाली असती! दरवाजा नीट लागला नाही की लॉकचा कॉन्टॅक्ट जुळत नाही, सुरक्षेचे सर्किट तुटते आणि लिफ्ट थांबते. ते तसेच व्हायला हवे. तंत्रज्ञ दर वेळी कॉन्टॅक्ट पुसून जात होता. दरवाजा खाली ज्या शूवर सरकतो तो झिजला आहे व खाचेत सिमेंटची भुकटी साचली आहे, हे सहाव्या खेपेला कोणीतरी वाकून पाहिले तेव्हा कळले. ती भुकटी त्याच मजल्यावर चाललेल्या सदनिकेच्या नूतनीकरणाची होती, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे; ती झाडून घेणे आपले काम होते. त्यामुळे एकाच लिफ्टमध्ये तोच बिघाड ३० दिवसांत पुन्हा झाल्यास तो ‘पुनरावृत्ती’ म्हणून मोजावा आणि तिसऱ्या वेळी कंत्राटदाराने मूळ कारण लेखी द्यावे, अशी अट असावी.

दंडाबाबत मात्र मी समितीला सावधगिरीची विनंती करते. दंड तिमाही बिलाच्या १० टक्क्यांपेक्षा अधिक नसावा. तो फार मोठा ठेवला, तर घाईतला तंत्रज्ञ दरवाजाच्या लॉकवर तार जोडून लिफ्ट चालू करून देण्याचा धोका असतो. मग दरवाजा उघडा असतानाही लिफ्ट हलू शकते, आणि त्यापेक्षा ती चार दिवस बंद राहिलेली बरी. म्हणून ब्रेक, दोर किंवा दरवाजाचे लॉक यांतील दोषासाठी लिफ्ट लेखी कारण देऊन बंद ठेवली असेल, तर त्या तासांवर दंड लावू नये. बैठकीत त्यांची चर्चा मात्र व्हावी. वीजपुरवठा खंडित असण्याचा काळही वगळावा. सध्या आपण वर्षाचे पैसे आगाऊ देतो, त्यामुळे कापून घेण्यासारखे आपल्या हाती काहीच राहत नाही. पुढील वर्षापासून तिमाही संपल्यावर बिल द्यावे.

मोजणीचा वाद टाळण्यासाठी वेळ कुठून सुरू होते हे ठरले पाहिजे. सुरक्षारक्षकाने कंत्राटदाराच्या क्रमांकावर तक्रार नोंदवली तो क्षण आरंभ, आणि लिफ्ट सर्व मजल्यांवर फिरवून रक्षक व तंत्रज्ञ दोघांनी नोंदवहीत सही केली तो क्षण शेवट, असे असावे. ‘रहिवाशांचा गैरवापर’ हा शेरा दोन सह्यांशिवाय ग्राह्य धरू नये.

आढाव्यासाठी दरमहा पर्यवेक्षकासोबत २० मिनिटे पुरेत. तेथे नोंदी जुळवून घ्याव्यात. तिमाही बैठकीला मात्र सुटे भाग व माणसे यांचा निर्णय घेऊ शकणारा शाखाप्रमुखच यावा. अन्यथा ‘वर कळवतो’ या उत्तरापलीकडे काही हाती लागत नाही. आकडे बैठकीच्या तीन दिवस आधी मिळावेत आणि बैठकीची सुरुवात मागील इतिवृत्तातील अपुऱ्या कामांपासून व्हावी. करार संपण्यापूर्वी समितीची निवडणूक होणार आहे. नव्या पदाधिकाऱ्यांना चौथ्या मजल्याचा हा इतिहास सह्या केलेल्या इतिवृत्तातूनच कळू शकेल.

करार चालू असल्याने या अटी एकतर्फी लादता येणार नाहीत, याची मला जाणीव आहे. त्यासाठी दोघांच्या संमतीने पुरवणी करार करावा आणि पहिले तीन महिने दंडाशिवाय केवळ मोजणी करावी, म्हणजे उद्दिष्टे या जुन्या यंत्रांना झेपणारी आहेत का, हे दोन्ही बाजूंना समजेल. हा विषय नोव्हेंबरच्या समिती सभेत घ्यावा, ही विनंती. जुलैपासूनच्या नोंदींचा लिफ्टनिहाय तक्ता मी तयार केला असून तो सोबत जोडला आहे; कंत्राटदारासमोर तो नोंदवहीशी पडताळण्यासाठी मी उपस्थित राहीन.

आपली विश्वासू,
सभासद, बी विंग, सदनिका क्र. ६०३

सोबत : जुलै ते सप्टेंबरच्या तक्रारींचा तक्ता