बाबासाहेबांच्या पीएच.डी.चे साल

महोदय,

जयंतीच्या फलकांवर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची कोलंबिया विद्यापीठाची पीएच.डी. कुठे १९१७ची, तर कुठे १९२७ची लिहिलेली दिसते. आमच्या वाचनालयातल्या तक्त्यावर तर एकाच ओळीत दोन्ही साले आहेत. यावरून पदवीबद्दलच शंका घेणारे भेटतात, तेव्हा फार वाईट वाटते, कारण दोन्ही सालांना आधार आहे.

त्या काळी कोलंबियात प्रबंध मान्य झाला तरी पदवी लगेच मिळत नसे. तो छापून त्याच्या प्रती विद्यापीठात जमा कराव्या लागत. बाबासाहेबांचा प्रांतिक अर्थव्यवस्थेवरचा प्रबंध १९१७ साली मान्य झाला, पण लंडनमध्ये छापून निघाला तो १९२५ साली. पदवी विधिवत मिळाली १९२७ मध्ये. म्हणजे पदवीचे साल १९२७च लिहायला हवे. दरम्यान, १९२३ साली लंडनची डी.एस्सी. त्यांनी मिळवली होती.

दुसरा घोळ मानद पदव्यांचा. कोलंबियाची एलएल.डी. (१९५२) आणि उस्मानियाची डी.लिट. (१९५३) या सन्मानाच्या पदव्या. त्यांना ना परीक्षा, ना प्रबंध. त्यांची नोंद गुणपत्रिकांत नव्हे, तर पदवीदान समारंभाच्या कागदपत्रांत शोधावी लागते.

‘३२ पदव्या’ असे फलक लावणाऱ्यांना कळकळीची विनंती: प्रत्येक पदवीपुढे विद्यापीठ, साल आणि ती मानद की अभ्यासाची, एवढे लिहा. आकडा लहान झाला तरी चालेल.

– एक वाचक, सातारा