मंत्रिमहोदय, ‘प्रीमियम’ नको, मीटर सांगा

माननीय केंद्रीय ग्राहक व्यवहार मंत्री महोदय यांस,
सादर नमस्कार.

इंदूरच्या काही साडीविक्रेत्यांसाठी मी ऑनलाइन दुकानावर चढवायच्या मालाची वर्णनं तपासून देते. माल बहुतेक महेश्वरी. परवा आलेलं एक वर्णन जसंच्या तसं देते:

‘प्रीमियम महेश्वरी सिल्क साडी. उत्तम दर्जाचं प्रीमियम सिल्क, रिच लुक, प्रत्येक समारंभाला शोभेल अशी. सुंदर जरी काठ. लांबी 5.5 मीटर ब्लाऊजसह. या प्रीमियम साडीत तुम्ही उठून दिसाल.’

मी प्रत्येक वाक्याला एकच प्रश्न विचारते: हे खोटं निघालं तर गिऱ्हाइकाला ते दाखवून देता येईल का? ‘रिच लुक’ खोटा ठरवता येत नाही, ‘उत्तम दर्जा’ही नाही. ‘प्रीमियम’ तीनदा येतं, पण तिन्ही वेळा पदरात काहीच पडत नाही. ते सगळं खोडलं की उरतात कापड, काठ आणि लांबी. आणि नेमकी तिथेच गोम असते.

लांबीचंच घ्या. ब्लाऊजसह 5.5 मीटर म्हणजे 80 सेंटिमीटरचा ब्लाऊजपीस कापल्यावर साडी 4.7 मीटर उरते. नेसायला बसलं की निऱ्या पुरत नाहीत. विक्रेत्याला फोन केला तर म्हणाले, “नाही हो ताई, साडी पूर्ण साडेपाच, ब्लाऊज वेगळा.” म्हणजे एकूण 6.3 मीटर! माल चांगला, वर्णनानेच त्याचं नुकसान केलेलं. आमच्याकडच्या आजींना नऊवारी हवी असते. तिला सव्वाआठ मीटरच्या आसपास कापड लागतं. ‘फुल साइज’ एवढंच लिहिलं असेल, तर त्यांनी काय समजायचं?

कापडाचं तर विचारूच नका. या साडीचा ताणा रेशमी, बाणा सुती. महेश्वरीची ती जुनी, नावाजलेली रीत आहे, त्यात लपवण्यासारखं काहीच नाही. तरीही नुसतं ‘सिल्क’. दुसऱ्या एका वर्णनात ‘आर्ट सिल्क’ होतं. वाचणारीला वाटतं, काही कलाकुसर असेल. प्रत्यक्षात ते कृत्रिम रेशीम, म्हणजे व्हिस्कोस किंवा पॉलिस्टर. ‘टेस्टेड जरी’चंही तसंच. ऐकायला पारखलेली जर वाटते, पण बाजारात ती असल जरीपेक्षा हलकी, तांब्याच्या तारेवर केलेली जर. दुकानात धागा जाळून पाहता येतो: रेशमाला जळक्या केसांचा वास येतो आणि राख बोटांत चुरते, पॉलिस्टर वितळून त्याची कडक गोळी होते. पडद्यावर ही सोय नाही. म्हणून तिथे शब्द नेमके हवेत.

शेवटी वर्णन असं झालं: ‘महेश्वरी साडी, हातमागावरची. ताणा रेशीम, बाणा सूत. काठाला टेस्टेड जरी (असल नव्हे). साडी 5.5 मीटर, ब्लाऊजपीस वेगळा 80 सेंटिमीटर. पहिली धुलाई ड्रायक्लीन.’ विक्रेत्यांना ‘असल नव्हे’ खटकलं. मी ठेवायला लावलं, कारण ते वाचून जी घेईल ती साडी परत पाठवणार नाही.

आता आपल्याकडे येते. 2020 च्या ई-कॉमर्स ग्राहक संरक्षण नियमांनुसार, खरेदीआधी निर्णय घेता यावा म्हणून विक्रेत्याने मालाची सर्व संबंधित माहिती द्यायची आहे. माल जाहिरातीत सांगितलेल्या गुणांचा नसेल, तर तो परत घ्यायला नकार देता येत नाही, हेही त्यात आहे. पण ‘सर्व संबंधित माहिती’ म्हणजे साडीच्या बाबतीत नेमकी कोणती, हे ठरलेलंच नाही. म्हणून मोघम लिहिणाऱ्याचं फावतं. ज्याने ‘रेशीम ताणा, सुती बाणा’ लिहिलं तो शब्दात सापडतो. ज्याने ‘रिच लुक’ लिहिलं त्याने कुठला गुण सांगितलाच नाही, मग माल परत करायचा कशाच्या जोरावर? नियम पाळणाऱ्यालाच जोखीम, हे उलटं आहे.

माझी मागणी मर्यादित आहे. साडीसाठी पाच रकाने सक्तीचे करा: ताण्याचा धागा, बाण्याचा धागा, जरीचा प्रकार, ब्लाऊज वगळून साडीची लांबी, आणि हातमाग की यंत्रमाग. हे भरल्याशिवाय साडी विक्रीला चढू नये, ही जबाबदारी संकेतस्थळाची असावी. विणकराला यात काही जड नाही, ही माहिती त्याला तोंडपाठ असते. रंग फोटोत थोडा वेगळा दिसणारच, पोत हाताला लावल्याशिवाय कळणार नाही. त्यावर नियम करून उपयोग नाही. विशेषणंही खुशाल लिहू द्यात, फक्त या पाच रकान्यांच्या खाली.

आणि यातला एखादा रकाना रिकामा किंवा मोघम असेल, तर त्या मुद्द्यावर गिऱ्हाइकाने साडी परत केली की येण्या-जाण्याचा खर्च विक्रेत्याने सोसावा, एवढं कलम त्यात घाला.

आपली,
साडीची वर्णनं तपासणारी एक इंदूरकर