आलिया गेली

परभणी

चि. मुक्तास अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू हसत हसत सांगितलंस, की ओवी आरतीत ‘फळीवर वंदना’ म्हणते आणि ते शब्द आले की स्वयंपाकघरातल्या फळीकडे तोंड करून हात जोडते. तू तिला तिथल्या तिथे दुरुस्त केलंस. फणिवरबंधना, म्हणजे कमरेला नाग बांधलेला तो. अर्थ बरोबरच सांगितलास. पण मग ती आरती म्हणायचीच थांबली, हे तू फोन ठेवता ठेवता बोललीस आणि मला रात्रभर तेच आठवत राहिलं.

मी तुला आलियाची गोष्ट कधी सांगितली नाही. तुझ्या बाबांनाही नाही.

मी तेव्हा सहा वर्षांची. आमच्या वाड्याला लागून आलियाचं घर, मधे कमरेएवढी भिंत. तिचे अब्बा जिनिंगमध्ये मशिनवर होते. आम्ही दोघी त्या भिंतीवर बसून गजगे खेळायचो. पाच गजगे होते, तीन माझे, दोन तिचे. तिचे जास्त गुळगुळीत होते, म्हणून वर उडवायला आम्ही तिचाच घ्यायचो. एका उन्हाळ्यात तिच्या अब्बांना हैदराबादला काम लागलं आणि ते सगळे काचीगुड्याच्या गाडीने गेले. गाडी पहाटेची होती, मला कुणी उठवलं नाही. सकाळी भिंतीवर जाऊन पाहिलं तर पलीकडे अंगणात नुसती चुलीची राख. पाचही गजगे माझ्याच परकराच्या खिशात राहिले होते.

आमच्याकडे रोज दिवेलागणीला आजी आरत्या म्हणायची. शेवटची ‘येई हो विठ्ठले’. त्यातली ‘आलिया गेलिया हाती धाडी निरोप’ ही ओळ मी तोवर शंभरदा ऐकली असेल, पण ती मला नुसता आवाज होती, टाळासारखी. आजीला दमा होता. तिचा श्वास त्या ओळीत नेमका मधेच संपायचा. ‘आलिया गेलीऽऽ’ म्हणून ती थांबायची, श्वास घ्यायची, आणि मग ‘या हाती धाडी निरोप’. ते लोक गेले त्याच्या दुसऱ्या का तिसऱ्या संध्याकाळी मी टाळ वाजवता वाजवता थांबले. आजी देवाला सांगत होती, आलिया गेली. या हाती निरोप धाड.

मला त्याचं जराही नवल वाटलं नाही बघ. घरात सगळ्यांना माहीत होतं ती गेली ते, मग देवाला सांगायला नको? नवल एवढंच वाटलं, की माझी आजी, जी आलियाच्या घरचं पाणी प्यायची नाही, तिलाही तिची इतकी आठवण येते, रोज येते. त्या दिवसापासून मी आजीशी जरा मऊ वागायला लागले. ती म्हणायची, ‘काय गं, आज लई शहाण्यासारखी वागायलीस.’

एकदा ती ओळ अशी लागल्यावर बाकीच्या आपोआप तिच्याभोवती येऊन बसल्या. ‘निढळावरी कर’ मधलं निढळ म्हणजे कपाळ हे मला कुठून कळणार? पण आजी ते म्हणताना खरोखरच कपाळावर आडवा हात धरायची, उन्हात कुणाची वाट बघताना धरतात तसा. म्हणजे ‘या हाती’ मधला हात तो हाच, कपाळावरचा. मी ठरवलं, की आधी हात कपाळाला लावायचा, मग मनात निरोप म्हणायचा, मग हात रेल्वे लाइनीच्या दिशेने पसरायचा. की गेला निरोप. पुढे ‘पिवळा पितांबर कैसा गगनी झळकला’ ही पोच. संध्याकाळी आभाळ पिवळं झालं की समजायचं, पोचला. आणि ‘गरुडावरी बैसोनी माझा कैवारी आला’ हे तर मला कैवारी असं कधी ऐकूच आलं नाही. शब्दच माहीत नव्हता. मी ऐकायची, ‘माझा शेजारी आला’. शेजारी परत येणारच होते, गाडीने गेले तरी येताना गरुडावर. आलियाची अम्मी बुरखा सावरत गरुडावर कशी बसेल, याची मला मात्र फार काळजी वाटायची.

चुकीचं ऐकणं हे असं एकट्या शब्दावर थांबत नाही. कान अनोळखी शब्दाच्या जागी ओळखीचा बसवतो, आणि एकदा बसवला की पुढचं सगळं त्याच्या मापाने ऐकतो. याला इंग्रजीत मॉन्डेग्रीन म्हणतात, हे तूच मागे सांगितलं होतंस. सिल्व्हिया राइट नावाच्या बाईंनी 1954 साली ते नाव दिलं. लहानपणी त्यांची आई त्यांना एक जुनं गाणं वाचून दाखवायची, त्यात उमरावाला मारलं ‘आणि गवतावर टाकलं’ असं होतं. त्यांनी ऐकलं, उमरावाला मारलं ‘आणि लेडी मॉन्डेग्रीनला’. नसलेली बाई उमरावाबरोबर मेली. तू ते गंमत म्हणून सांगत होतीस आणि मी भाजी निवडत गप्प होते. मला वाटलं, त्या पोरीला तो उमराव एकटा मरू द्यायचा नसेल.

पुढचं सांगते. मृगाचा पाऊस पडून गेला आणि पंढरपूरला जाणारी एक दिंडी आमच्या गल्लीत दुपारी टेकली. आजीने पिठलं-भाकरी केली होती. मी गजगे घेऊन ओट्यावर. पान वाढून झालं तेव्हा डोक्यावर तुळस घेतलेली एक म्हातारी माझ्याजवळ बसली. मी तिला विचारलं, तुम्ही पंढरपूरला चाललात ना? मग देवाला सांगा, आलियाचे दोन गजगे माझ्याकडंच हायेत, हरवले नाहीत.

म्हातारीने कोण आलिया असं विचारलं नाही. माझ्या हातातले गजगे बोटाने मोजले. म्हणाली, ‘दोन ना? सांगते माय.’

सातवीत आमच्या गुरुजींनी ती ओळ फळ्यावर लिहिली. आलिया गेलिया हाती, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या हाती. जुनी मराठी. ‘तुझ्या मामाच्या हाती डबा धाडला’ म्हणतो ना आपण, तसंच ते हाती. अख्खा वर्ग लिहून घेत होता आणि मला ती म्हातारी दिसत होती, चालत चालत पंढरपूरकडे गेलेली. त्या दिवशी घरी येऊन मी ओळ बरोबर म्हटली. आजी तोवर गेली होती, श्वास घ्यायला मधे थांबणारं कुणी नव्हतं.

आलिया परत भेटली नाही. गजगे माझ्या शिवणाच्या डब्यात आहेत, तू लहानपणी त्यातला एक नाकात घालून बसली होतीस, आठवतं का? तो तिचाच.

ओवीला मी फोन करणार आहे, पण तू आधी एक कर. तुमच्या त्या फळीवर डाव्या हाताला काय ठेवलंय, तिखटाचा डबा की माझ्या आईचं तांब्याचं भांडं? ती नेमकी कुठे बघून हात जोडते ते नीट बघ आणि मला कळव.

तुझी,
आई