मदतीचे पैसे पाठवायच्या आधी नाव बघा

भाऊ-ताईंनो, तापी-गिरणेला पूर आला की ग्रुपवर मदतीचे मेसेज आणि क्यूआर कोड धडाधड फिरायला लागतात, मन कळवळतं आणि आपण लगेच स्कॅन करून मोकळे होतो, तसं करू नका. मार्च 2020 मध्ये पीएम केअर्स फंड सुरू झाला, त्याचा खरा यूपीआय आयडी pmcares@sbi, आणि लगेच कोणीतरी pmcare@sbi नावाचा खोटा काढला, फरक फक्त एका s चा, घाईत कोणाला दिसणार!

म्हणून मेसेजमधला कोड वापरूच नका, संस्थेच्या वेबसाईटवर स्वतः जाऊन तिथला आयडी घ्या. पिन टाकायच्या आधी अ‍ॅपवर बँकेतलं नाव येतं ते नीट वाचा, मेसेजमध्ये ट्रस्ट आणि स्क्रीनवर भलत्याच माणसाचं नाव दिसलं तर तिथंच थांबा. नाव जुळलं म्हणजे संस्था खरी असं पण नाही बरं, ती गावात खरंच काम करतेय का ते तिथल्या ओळखीच्या माणसाला फोन करून विचारा.

पैसे गेलेच असतील तर लाजू नका, ताबडतोब 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला फोन करा आणि बँकेला कळवा, उशीर झाला की चोर पैसे पुढच्या खात्यात सरकवतो.