रिकाम्या पोटी म्हणजे चहाच्या पण आधी

संपादक साहेब, नमस्कार.

माझी मावशी 78 वर्षांची, म्हापशाजवळ राहते. पोर्तुगीज काळात गावच्या मराठी शाळेत चौथीपर्यंत शिकली, तुमचा पेपर रोज निधनवार्तांपासून सुरू करून शेवटच्या पानापर्यंत वाचते, पण इंग्रजी एक अक्षर कळत नाही. हाडं ठिसूळ झाली म्हणून डॉक्टरांनी तिला अ‍ॅलेंड्रोनेटची 70 मिलिग्रॅमची गोळी दिली, आठवड्यातून एकच घ्यायची. पाकिटावर सगळं इंग्रजीत, म्हणून मी शहाणपणा करून एका कागदावर मराठीत लिहून दिलं: "आठवड्यातून 1 वेळा, रिकाम्या पोटी, पाण्यासोबत. नंतर झोपू नये." झालं काम, असं मला वाटलं.

तीन आठवड्यांनी मावशी म्हणाली छातीत जळजळतं, गिळताना दुखतं. आम्ही सगळ्यांनी आधी खापर फोडलं तिच्या तिखट हुमणावर! डॉक्टरांकडे नेलं तर त्यांनी ती गोळी थांबवायला सांगितली आणि तिला एकच विचारलं, मावशी, गोळी कशी घेता ते सांगा. तिने सांगितलं, पहाटे पाचला उठते, चहा घेते, त्याच्यावर दोन घोट पाण्याने गोळी, आणि परत जरा आडवी होते. मी म्हटलं, अगो मावशे, रिकाम्या पोटी लिहिलं होतं ना? तर म्हणते, "चहा म्हणजे काय जेवण रे?" आणि झोपू नये म्हणजे तिच्या मते गाढ झोपू नये, पाठ टेकायला काय हरकत!

चूक तिची नव्हतीच, मी इंग्रजीचे शब्द मराठीत आणले होते, तिची सकाळ त्यात कुठेच नव्हती. डॉक्टरांनी कारण समजावलं. ही गोळी अन्ननलिकेत अडकली की तिथली आतली त्वचा जाळते, म्हणून पाणी पेलाभर लागतं आणि निदान अर्धा तास उभं किंवा ताठ बसून राहावं लागतं. चहा, दूध, कॅल्शियमची गोळी यांच्यासोबत घेतली तर ती अंगात नीट शोषलीच जात नाही, म्हणजे जळजळ पण होणार आणि हाडांना फायदा पण नाही. ज्यांना अर्धा तास बसताच येत नाही त्यांना तर ती देतच नाहीत.

त्रास थांबल्यावर डॉक्टरांनी परत सुरू करायला सांगितली तेव्हा मी नवीन चिठ्ठी लिहिली, मोठ्या अक्षरात, एका ओळीत एकच गोष्ट:

"हाडांची गोळी. फक्त शुक्रवारी, म्हापशाच्या बाजाराच्या दिवशी.
उठल्यावर पहिली हीच. चहाच्या पण आधी.
साधं पाणी, मोठा पेला भरून. गोळी चावायची नाही.
मग अर्धा तास बसून राहा नाहीतर अंगणात फीर. फुलं काढ.
अर्ध्या तासानंतर चहा-पोई. कॅल्शियमची गोळी दुपारी जेवल्यावर.
शुक्रवारी विसरलीस तर दुसऱ्या दिवशी सकाळी घे, एका दिवशी दोन नको. पुढची परत शुक्रवारीच.
छातीत जळजळलं किंवा गिळताना दुखलं तर पुढची घेऊ नकोस, मला फोन कर."

यातला "झोपू नये" मी मुद्दाम काढला, नको ते सांगण्यापेक्षा काय करायचं ते लिहिलं की तिला लगेच कळतं. ही चिठ्ठी आधी डॉक्टरांना दाखवली, कारण डोस आणि वेळ आपल्या मनाने लिहायची नसते. मग मावशीला वाचायला देऊन "कळलं का?" असं विचारलं नाही, त्याला ती नेहमी होच म्हणते. म्हटलं, आता शुक्रवार सकाळ आहे असं समज आणि मला करून दाखव. तिने पेला अर्धाच भरला! मग पेल्यावर मार्करने रेघ मारली. पाकिटात चारच गोळ्या असतात, प्रत्येकीच्या मागे त्या शुक्रवारची तारीख लिहिली, बघताक्षणी कळतं कुठली राहिली ते.

फार्मसीवाल्यांना एवढीच विनंती, असली वेगळ्या पद्धतीने घ्यायची गोळी देताना मराठीत किंवा कोंकणीत दोन ओळी लिहून द्या, आणि पट्टी कापून देत असाल तर नाव आणि एक्सपायरीचा भाग कापून जाऊ देऊ नका. घरच्यांनी पण मूळ पाकीट टाकू नये, रात्री अपरात्री हॉस्पिटलात नेलं तर तिथे माझी चिठ्ठी नाही, तेच इंग्रजी नाव लागणार.

आणि चिठ्ठीवर तारीख घाला, औषध बदललं की जुनी फाडा. मावशीच्या फ्रीजवर दोन वर्षांपूर्वी बंद झालेल्या बीपीच्या गोळीची चिठ्ठी अजून चिकटलेली होती, तीही माझ्याच अक्षरातली, परवा काढली.

आपला,
एक वाचक, बार्देस