लॉबीची फरशी पुन्हा घासण्याआधी बाटल्यांची लेबलं वाचावीत

प्रति,
मा. अध्यक्ष साहेब व कमिटी सदस्य,
जळगाव

विषय : लॉबीतील कोटा फरशीवरचे पांढरे पट्टे आणि सफाईच्या बाटल्या

स. न. वि. वि.

लॉबीत आणि पहिल्या जिन्यावर कोटा फरशीवर पांढुरके पट्टे उठले आहेत. क्षाराचे डाग समजून त्यावर टॉयलेट क्लीनर टाकून घासणं चालू आहे. आमची विनंती आहे की ते आजच थांबवावं, कारण पट्टे त्या बाटलीनेच पडले आहेत.

स्टोअररूममधली ती निळी बाटली उलटी करून मागचा बारीक मजकूर वाचा. हायड्रोक्लोरिक ॲसिड सुमारे 10 टक्के, आणि खाली "संगमरवरावर वापरू नये, ब्लीचसोबत मिसळू नये" असा इशारा. आपल्या बोअरच्या जड पाण्याने संडासाच्या भांड्यात जो पांढरा थर बसतो तो मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट. ॲसिड त्याला विरघळवतं, म्हणून भांड्यासाठी ही बाटली योग्यच. पण कोटा, शहाबादी, कडप्पा आणि संगमरवर हे दगडही चुनखडीच्याच जातीचे. ॲसिडला थर कुठला आणि फरशी कुठली ते कळत नाही. ते पॉलिशचा वरचा पापुद्रा खातं, दगड खडबडीत होतो आणि उजेडात पांढरा दिसतो. तो मळ नाहीच, तेव्हा धुऊन जाणार कसा? पुन्हा पॉलिश करणं एवढाच उपाय. खात्री हवी असेल तर जिन्याखालच्या कोपऱ्यात लिंबाच्या रसाचे दोन थेंब टाकून पाच मिनिटांनी पुसा. तेवढा ठिपका निस्तेज झाला तर फरशी ॲसिड सोसणारी नाही.

पुढची खरेदी करताना पुढच्या बाजूचं चित्र आणि "दहापट शक्ती" सोडून द्यावं. घटकांची पूर्ण यादी बहुतेक बाटल्यांवर नसते, म्हणून आधी इशारा वाचावा. त्यातूनच जात कळते. संगमरवर टाळा म्हटलं की ॲसिड : हायड्रोक्लोरिक, फॉस्फोरिक, सल्फामिक, सायट्रिक यांपैकी एखादं नाव सापडेलच. ॲल्युमिनियम टाळा म्हटलं की बहुधा अल्कली : सोडियम हायड्रॉक्साइड, म्हणजे आपला कॉस्टिक सोडा, किंवा धुण्याचा सोडा. तुंबलेल्या मोरीसाठी मिळणारे दाणे हेच. तेलकट गाळ ते कापतात, क्षारावर मात्र काहीच करत नाहीत. आगीपासून दूर ठेवा किंवा ज्योतीचं चिन्ह असेल तर सॉल्व्हंट, जसं काचेच्या स्प्रेतलं आयसोप्रोपाइल अल्कोहोल. लिफ्टच्या ॲक्रिलिकवर ते मारू नये, बारीक तडे जातात.

यातलं काहीच नसेल, फक्त "डोळ्यांत गेल्यास पाण्याने धुवा" एवढंच असेल, तर बहुधा साबणासारखं काम करणारा सर्फॅक्टंट. सोडियम लॉरिल इथर सल्फेट, नॉन-आयोनिक सर्फॅक्टंट, बेंझाल्कोनियम क्लोराइड ही त्याची नावं. रोजच्या फरशीला हाच हवा, झाकणावर दिलेल्या मापाने. जास्त ओतला तर चिकट थर राहतो आणि धूळ आणखी धरते.

एका नावाने मात्र हमखास फसगत होते. भांड्यांच्या लिक्विडवर "लिनिअर अल्किल बेंझीन सल्फोनिक ॲसिड" दिसलं की घाबरू नये. बनवतानाच त्यात कॉस्टिक घालून ॲसिडपणा मारलेला असतो. तो सर्फॅक्टंटच.

आता सगळ्यात तातडीची गोष्ट. पट्टे जात नाहीत म्हणून ॲसिडनंतर त्याच बादलीत ब्लीच घेतलं जातंय. ब्लीच म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट, वरच्या चारही जातींहून वेगळं, ऑक्सिडायझर. ॲसिडशी गाठ पडली की त्यातून क्लोरीन वायू निघतो. बंद जिन्यात तो खाली साठतो, खोकला आणि डोळ्यांची आग सुरू होते. असा वास आला तर बादली हलवत बसू नये. आधी सफाईच्या मावशींनी उघड्यावर यावं, दारं-खिडक्या सताड उघडाव्यात. म्हणून दोन्हींच्या बादल्या वेगळ्या रंगाच्या घ्याव्यात आणि दोन्ही बाटल्या एका फळीवर ठेवू नयेत. ब्लीच गच्चीवरच्या खोलीतही नको : मे महिन्यात 44-45 अंशांत ते लवकर कमजोर होतं. विकत घेताना त्यावरची उत्पादनाची तारीख पाहावी.

नळांवरच्या क्षारासाठीही ती निळी बाटली नको, क्रोमचा मुलामा जातो. किराणा दुकानातलं लिंबूसत्व, लिटरभर पाण्यात दोन मोठे चमचे, फडकं भिजवून दहा मिनिटं गुंडाळावं आणि धुऊन टाकावं. फरशीवर ओघळू देऊ नये.

सुटं ॲसिड किंवा पाण्याच्या बाटलीत भरून दिलेलं फिनाईल सोसायटीच्या पैशांतून घेऊ नये. ज्याला लेबलच नाही त्याचं काय वाचणार?

पॉलिशवाल्याचा दर मागवण्याआधी पुढच्या बैठकीत बाटल्या टेबलावर ठेवाव्यात, आम्ही लेबलं सोबत वाचून चिठ्ठ्या चिकटवून देऊ.

आपले,
बी विंगचे रहिवासी