पसंतीक्रम भरण्याआधी

चि. मुक्तास,
अनेक आशीर्वाद.

रविवारी तू फोन ठेवलास तेव्हापासून आई माझ्याशी तोडून बोलतेय, म्हणून लिहायला बसलो. फोनवर मी दोन वाक्यं बोललो की तू ‘हं, हं’ करतेस आणि माझा आवाज चढतो. शुक्रवारी तुला प्लेसमेंटचा पसंतीक्रम भरायचाय. त्यात काय भरायचं ते मी सांगणार नाही. आधी डोकं कसं आहे ते कळव. रात्री दोनपर्यंत केस स्टडी सोडवत बसतेस असं तुझ्या रूममेटनं आईला सांगितलंय, आणि जागरण झालं की तुझी अर्धशिशी उठते हे घरात सगळ्यांना पाठ आहे.

तू म्हणालीस, ‘सेल्सवाले गोडाऊनात घाम पुसतात, कन्सल्टिंगवाले बोर्डरूममध्ये बसतात.’ बोर्डरूम मी पाहिलेली नाही. पण या सगळ्या खात्यांतली माणसं आपल्या गोडाऊनला येऊन गेलीत. कार्डावर काय छापलंय त्यापेक्षा ती दिवसभर काय करतात, ते मला जास्त ठाऊक आहे.

आपण ज्या कंपनीचे डिस्ट्रिब्युटर आहोत, तिचा एरिया सेल्स मॅनेजर घे. तुझ्यासारखंच एमबीए करून आलेलं पोर असतं. महिन्याचे पहिले वीस दिवस तो सेल्समनबरोबर लाइनवर फिरतो. तासगाव लाइनला दिवसात पस्तीस-चाळीस दुकानं. दुकानदार गिऱ्हाईक सांभाळत, मान वर न करता बोलतो. मागच्या स्कीमचे पैसे आले नाहीत म्हणतो, एक्स्पायरीचा खोका पुढ्यात ठेवतो. संध्याकाळी पोरगा माझ्यासमोर बसून क्लेमचे कागद जुळवतो. इथवर काम चांगलं आहे. खरी परीक्षा पंचवीस तारखेनंतर.

मागच्या वर्षीचा एक महिना सांगतो. कंपनी माझ्या नावावर बिल फाडते ती प्रायमरी, मी दुकानांना विकतो ती सेकंडरी, हे तू लहानपणापासून ऐकलंयस. आपली सेकंडरी महिन्याला साधारण ३० लाखांची, म्हणजे दिवसाला एक लाख. कंपनीनं प्रायमरीचं टार्गेट दिलं ३६ लाखांचं. २६ तारखेपर्यंत २७ लाखांची बिलं झालेली. चार दिवस उरले आणि ९ लाख बाकी. त्या चार दिवसांत दुकानं उचलणार ४ लाखांचा माल. म्हणजे टार्गेट पुरं करायचं तर ५ लाखांचा माल माझ्या गोडाऊनात नुसता पडून राहणार, आणि कंपनीला पैसे मात्र मी आधी मोजायचे. बँकेचं व्याज महिन्याला पाचेक हजार. अशा वेळी माल अडकून पडू नये म्हणून मी होलसेलरला तीन टक्के सोडून माल देतो. माझा नफा पाच टक्क्यांच्या आसपास, म्हणजे हातात राहिले दोन. होलसेलर तोच माल मिरजेत स्वस्तात सोडतो, तिथला डिस्ट्रिब्युटर मला फोनवर शिव्या घालतो, आणि पुढच्या महिन्याचा पहिला आठवडा माझी ऑर्डरच निघत नाही. कागदावर वाढ, बाजारात तेवढाच साबण.

हे ओळखायचं कसं? एक तारखेला गोडाऊनात किती दिवसांचा माल आहे ते बघायचं. माल पंधरा दिवसांचा वीस दिवसांवर गेला आणि बिल झालेली दुकानं मात्र तेवढीच राहिली, तर ती विक्री नव्हे. म्हणून मुलाखतीत आधी विचार, इन्सेन्टिव्ह प्रायमरीवर की सेकंडरीवर? त्या एका उत्तरातून तुझे महिन्याचे शेवटचे पाच दिवस कसे जाणार ते कळेल. रात्री साडेअकरापर्यंत ‘सर, आणखी एक बिल’ करत बसणं आणि तुझं डोकं, यांचं जमायचं नाही.

बघ, पुन्हा डोक्यावर आलो. राहू दे.

त्या महिन्याला आपल्याकडे एरिया सेल्स मॅनेजर एक मुलगी होती, नागपूरची. तिनं स्टॉकची यादी मागितली, न खपणाऱ्या मालावर लाल खुणा केल्या, जत लाइनला नवी दुकानं धरली आणि वरच्या साहेबाला सरळ ३१ लाखांचा आकडा सांगितला. फाटकापाशी उभी राहून फोनवर बोलणी खाल्ली, मग आत येऊन पाणी प्यायली आणि उरलेले क्लेम पुरे केले. मला तुझी आठवण झाली. दहावीला गणिताच्या बाईंशी तू भांडून आलीस तेव्हा तुझा चेहरा असाच होता. आईनं तुला रागावलं. मी बाहेरच्या खोलीत हसत होतो.

आता तुझं कन्सल्टिंग. कंपनीनं लाइन नव्यानं आखायला एका फर्मचे दोघं पाठवले होते. सेल्समनच्या मागे मोटरसायकलवर बसून एका दुकानात किती मिनिटं जातात ते टिपायचे. हुशार, नम्र मुलं. पण त्यांचा निम्मा वेळ आमच्या याद्या साफ करण्यात गेला, कारण एकच किराणा दुकान तीन वेगळ्या स्पेलिंगनं तीनदा चढलेलं. दिवसभर फिरून रात्री लॉजवर तेच काम, मग मॅनेजर स्लाइडवर शेरे पाठवणार आणि सकाळपर्यंत त्या बदलून हव्यात. त्यातला एक म्हणाला, याआधी सिमेंटवाल्यांकडे होतो, पुढे हॉस्पिटल असेल. तीन महिन्यांत नवा धंदा शिकायला मिळतो, हे मलाही हेवा वाटण्यासारखं वाटलं. मात्र त्यांनी आखलेल्या लाइनीतली एक दोनच आठवड्यांत मोडली, कारण त्या दिवशी गावचा बाजार होता. ते बघायला दोघांतलं कोणी इथे नव्हतं. तुला केलेल्या कामाचं पुढं काय झालं हे बघितल्याशिवाय चैन पडत नाही. म्हणून लिहिलं, बाकी काही नाही.

बँकेचा क्रेडिट ऑफिसर वर्षातून एकदा कॅश क्रेडिटच्या नूतनीकरणाला येतो. खोके मोजतो, तीन महिन्यांवरची उधारी यादीतून काढून टाकतो, कंपनीचं देणं वजा करतो, उरलेल्यावर पंचवीस टक्के मार्जिन धरतो आणि मी किती कर्ज उचलू शकतो ते ठरवतो. बहुतेक दिवस तो टेबलाशीच असतो, मार्च सोडला तर वेळेवर घरी जातो. ज्याला आकड्यातली लबाडी हुंगायची सवय आहे त्यानं तिथे जावं. तुला ती आहे. दिवाळीच्या हिशेबात दत्तूमामाला पकडलंस तेव्हाच कळलं.

ऑपरेशन्सचं विजूकाकाला विचार. कुपवाडच्या कारखान्यात सकाळी नवाच्या मीटिंगला कालचं ठरलेलं उत्पादन आणि निघालेलं उत्पादन समोरासमोर मांडतात. साचा बदलायला वीस मिनिटांऐवजी पन्नास का लागली, याचं उत्तर त्याच दिवशी शोधायचं. संध्याकाळी काम झालं की नाही ते डोळ्यांना दिसतं. पण मशिन रात्री बंद पडलं की फोन येतोच. तुझ्या झोपेचं काय?

लेक्चर लांबलं, रागावू नकोस. तुला झेपणार नाही असं माझ्या मनातही नाही. तू कुठेही उभी राहशील. मला फक्त तुझ्या महिन्याच्या वाईट आठवड्याची भीती वाटते, चांगल्याची नाही. म्हणून सीनियरना ‘रोल कसा आहे’ असं विचारू नकोस. मागच्या बुधवारी सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत काय काय केलंत, असं विचार. कुठल्या कामाला किती तास गेले तेही विचार.

आईनं शेंगदाण्याची चटणी कुरियर केलीय. नागपूरच्या त्या मुलीची परवानगी घेऊन तिचा नंबर पाठवतो. पण तिला फोन पाच तारखेनंतर कर, महिनाअखेरीला ती उचलायची नाही. फॉर्म त्याआधी भरायचा असेल तर रात्री नवानंतर मला कर, मी फक्त ऐकेन.

तुझा,
बाबा